शेवटच्या नोटिशीचा तक्ता

नायगावच्या आमच्या चाळीतली नोटीस कित्येक वर्षं मीच लिहीत आले. पाणी बंद असो की गच्चीची दुरुस्ती, सेक्रेटरी कागद घेऊन माझ्याच दारात यायचे. जिन्याखालच्या काचेच्या पेटीत एकच ए-फोर कागद मावतो. लोक तिथे उभं राहून माझी नोटीस शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे आणि मी वरून, गॅलरीतून, त्यांना वाचताना बघायचे. यात मला किती सुख होतं ते मी कोणाला सांगितलं नाही.

मग चाळ रिकामी करायचा दिवस ठरला. सामान न्यायला टेम्पो येणार, कुठल्या मजल्याने कधी आणि कुठल्या फाटकाशी सामान आणायचं ते कळवायचं होतं. म्हणजे या इमारतीतली ही शेवटची नोटीस. ती माझ्या हातची असावी, एवढंच मला हवं होतं.

मी मन लावून एक सलग परिच्छेद लिहिला. ‘तळमजल्यावरील रहिवाशांनी आपले सामान सोमवारी सकाळी नऊ वाजता पुढच्या फाटकाशी आणून ठेवावे. पहिल्या मजल्यावरील रहिवाशांनी आपले सामान सोमवारी दुपारी दोन वाजता...’ असं तिसऱ्या मजल्यापर्यंत. पुढे टेम्पोची, कुलपांची माहिती आणि शेवटी, ज्यांना जिना उतरवत नाही त्यांचं सामान शेजाऱ्यांनी खाली आणावं, अशी विनंती. सेक्रेटरींनी कमिटीच्या खोलीत टाइप केलं, तर मजकूर दुसऱ्या पानावर गेला. अक्षर बारीक करायची सोय नाही, आमच्याकडे निम्मे लोक चष्मा लावूनही वैतागतात.

“काकू, दुसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईंना विचारू का? त्यांचं ऑफिसात हेच काम असतं,” सेक्रेटरी म्हणाले.

हेच काम! जसं मी आजवर गोट्या खेळत होते.

ती आली, गोड हसली आणि खुर्चीत बसली. मी मागे उभी. आधी तिने माझ्या परिच्छेदाचे मुद्दे पाडले. प्रत्येक वाक्याआधी एक काळा ठिपका आणि प्रत्येक मुद्दा नव्या ओळीवर. वाक्यं माझीच, पूर्ण. त्यामुळे झालं काय, की प्रत्येक मुद्द्याची शेवटची ओळ अर्धवट राहिली आणि उजवीकडे नुसती मोकळी जागा पडत गेली. दुसरं पान आणखी भरलं. मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी खिडकीबाहेर बघितलं.

“मुद्द्यांनी वाचायला सोपं झालं, पण जागा जास्तच खाल्ली ना,” ती म्हणाली. “थांबा, टेबल करते.”

चार रकाने आखले तिने. मजला, वार, वेळ, फाटक. ‘रहिवाशांनी’, ‘आपले सामान’, ‘आणून ठेवावे’ हे मी दरवेळी लिहिलेलं सगळं वर मथळ्यात एकदाच गेलं. खाली उरलं ते ‘तळ, सोमवार, सकाळी ९, पुढचे’. चार मजल्यांच्या चार ओळी! मी घाम गाळून लिहिलेला मजकूर चिमूटभर झाला.

देव तेव्हा एकदाच माझ्या बाजूने आला. तिने शेवटची विनंतीही ‘सूचना’ नावाच्या पाचव्या रकान्यात कोंबली. रकाना अरुंद, वाक्य लांब. एकेक शब्द खाली घसरत गेला, तिसऱ्या मजल्याची ओळ जिन्यासारखी लांबली आणि तक्ता पानाबाहेर गेला.

“काकू, हे कसं करू हो?” तिने वळून विचारलं.

मला ठाऊक होतं. गप्प बसावंसं खूप वाटलं. पण ‘काकूंनाही नाही जमलं’ हे ऐकणं त्याहून वाईट. “लांब वाक्य तक्त्यात घालू नये. खाली सलग लिही, पानाची पूर्ण रुंदी मिळेल,” मी म्हटलं. तिने तसं केलं. टेम्पोचं आणि कुलपांचंही तसंच, दोन-दोन ओळींत. सगळं एका पानात बसलं, शिवाय खाली बरीच जागा उरली.

“वा, काकू!” ती मनापासून म्हणाली. “बघा, किती जागा राहिली. आपल्या चाळीची शेवटचीच नोटीस आहे. तुमच्या मनातलं काहीतरी लिहा ना इथे. मी टाइप करते.”

आणि ती कीबोर्डवर बोटं ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मला जागा कमी पडायची तेव्हा केवढं लिहायचं असायचं! आता एक ओळ सुचेना. जे सुचेल ते तिने दिलेल्या जागेत, तिच्या तक्त्याखाली बसणार, एवढंच डोक्यात घोळत होतं.

“काही नको,” मी म्हणाले.

नोटीस तशीच लागली, पानाचा खालचा भाग कोरा. मी गॅलरीत उभी होते. लोक यायचे, आपल्या मजल्यावर बोट ठेवायचे आणि लगेच निघून जायचे. “या वेळची नोटीस किती सुटसुटीत आहे, नाही?” तळमजल्यावरच्या आजी मला वर बघून म्हणाल्या. “एका नजरेत कळली. तूच लिहिलीस ना?”

मी मान डोलावली.