पुढच्या दिवसांचं तापमान

इंदुमती कोळेकरांना गावात कुणी प्रेमानं हाक मारत नसे, आणि त्यांची तशी अपेक्षाही नव्हती. वीस वर्षं त्या दूध संस्थेत टेस्टर होत्या. किटली पुढं आली की मापात दूध घ्यायचं, त्यात लॅक्टोमीटर सोडायचा, तो कुठवर बुडाला ते बघायचं आणि नाकासमोर बघत सांगायचं, "घेते" किंवा "पाणी आहे, न्या परत." सरपंचाची किटलीसुद्धा त्यांनी परत पाठवली होती. चेअरमन बाबरांना हे चारचौघांत अभिमानानं सांगायला आवडे, मनात मात्र ते त्यांना टरकून असत.

अशा बाईचा सख्खा दीर, सोपान, संस्थेचा टेम्पो चालवायचा. परतीचा पाऊस दोन दिवस झोडपून गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं फाट्यावरच्या शिंगाड्यांच्या पंपावर टाकी भरली. सात किलोमीटरवर घाटात टेम्पोनं दोन आचके दिले आणि जो बंद पडला तो पडलाच. सातशे लिटर दूध उन्हात नासलं. विट्याच्या मेकॅनिकनं फिल्टर उघडून आतलं डिझेल बाटलीत ओतलं तेव्हा खाली पाणी आणि वर डिझेल असे दोन थर सरळ दिसले. इंजिनचा डिझेल पंप गेला होता.

शिंगाड्यांनी कानांवर हात ठेवले. माझ्याकडं पाणी कुठलं, तुमच्या ड्रायव्हरनं वाटेत डिझेल विकलं आणि पाणी ओतलं असेल, म्हणाले. चेअरमन आणि शिंगाडे एका ताटात जेवणारे. संध्याकाळच्या बैठकीत सगळं खापर सोपानवर फुटलं: आठवड्यात निर्दोष असल्याचं दाखव, नाहीतर एक तारखेपासून दुसरा ड्रायव्हर. बावीस वर्षं गाडी चालवलेला माणूस घरी येऊन भिंतीकडं तोंड करून बसला. जेवायला उठवायला गेलेल्या इंदुमतींना तो एवढंच म्हणाला, "वहिनी, चोर म्हणून गेलो तर दुसऱ्या कुणाच्या गाडीवर बसायचं?"

दुसऱ्या दिवशी त्या पंपावर गेल्या आणि तक्रार वही मागितली. मॅनेजर म्हणाला, वही कपाटात आहे, किल्ली मालकांकडं आहे, मालक मुंबईला आहेत. इंदुमती हवा भरायच्या यंत्राशेजारच्या बाकावर बसल्या. दुपारपर्यंत बसल्या. दुपारी वही सापडली, मालकही मुंबईहून मागच्या खोलीत आले. इंदुमतींनी गाडीचा नंबर, वेळ, सोपाननं संस्थेसाठी घेतलेल्या पावतीचा आकडा, सगळं लिहिलं, आपली प्रत फाडून घेतली, आणि बोर्डावर लिहिलेल्या कंपनीच्या विभागीय कार्यालयाच्या नंबरावर एसटीडीवरून फोनही केला.

चौथ्या दिवशी कंपनीचे बेंद्रे साहेब आले. तरुण, घाईतले, त्या दिवशी आणखी दोन पंप करायचे असलेले. चेअरमनही हजर होते. सोपान लांब, रस्त्याच्या कडेला उभा होता.

इंदुमतींनी मेकॅनिकनं भरलेली बाटली पुढं केली. साहेबांनी ती हातातही घेतली नाही. आमच्या माणसासमोर, आमच्या डब्यात, सील करून घेतलेला नमुनाच चालतो, असं त्यांनी सांगितलं. मग सरकारी शिक्क्याचं पाच लिटरचं माप आलं, डिझेल बरोबर रेषेवर थांबलं. काचेच्या नळकांड्यात घनता पाहिली, तापमान पाहिलं, तक्त्यावरून हिशेब केला, टँकरच्या चलनाशी ताडला. फरक मर्यादेत. टाकीत सोडायच्या पट्टीला पाणी शोधायचा लेप लावून ती तळापर्यंत घातली. लेपाचा रंग बदलला नाही. पंपाच्या रोजच्या तपासणीच्या रजिस्टरमधली आजची ओळ साहेबांनी वरवर पाहून सही केली. शिंगाड्यांनी चहा मागवला. चेअरमन सोपानकडं असे बघू लागले की जणू निकाल लागलाच.

चार दिवसांत टाकीतलं पाणी उपसायला कितीसा वेळ लागतो? पण ते सिद्ध कसं करायचं? इंदुमतींनी रजिस्टर बघायला मागितलं. शिंगाडे म्हणाले, ते कंपनीचं आहे, गिऱ्हाइकाचं नाही. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "बघू द्या. दोन मिनिटं."

रोज सकाळची एक ओळ. तापमान अठ्ठावीस. खाली अठ्ठावीस. मुसळधार पावसाच्या दिवशी अठ्ठावीस.

"टाकी जमिनीत असते, बाई," शिंगाडे हसत म्हणाले. "तिथं वर पाऊस पडला काय नि ऊन पडलं काय, सारखंच."

साहेबांनी मान डोलावली. ते खरंही होतं. इंदुमती मात्र आकड्यांकडं नाही, अक्षराकडं बघत होत्या. पानाच्या वरच्या ओळी ठसठशीत, खाली येता येता अक्षर तिरकं आणि कंटाळलेलं. पान आजच्या ओळीवर संपत होतं. असं पान त्यांच्या चांगल्याच ओळखीचं होतं.

"साहेब, पान उलटा," त्या म्हणाल्या.

साहेबांनी पान उलटलं. उद्याची तारीख. अठ्ठावीस. परवाची. अठ्ठावीस. पुढचे चार दिवस, घनतेसकट, पाण्याच्या रकान्यात ‘नाही’ लिहून तयार होते.

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. मग त्यांनी घाई केली नाही. टाकी भरायच्या तोंडावरचं लोखंडी झाकण त्यांनी काढायला लावलं. खड्ड्यात आतल्या टोपणाच्याही वर चिखलाची रेघ उमटलेली होती, आणि त्या टोपणाचं रबर जागेवर नव्हतं; पावसाचं पाणी तिथूनच टाकीत उतरलं होतं. ऑफिसच्या मागं ताडपत्रीखाली पिंप होतं, त्यात अर्धं गढूळ पाणी, वर डिझेलचा तवंग. साहेबांनी विक्री बंद करवली, नमुन्याचे डबे मागवले आणि अहवाल लिहायला बसले.

शिंगाड्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, तरी शेवटचा वार त्यांनी केलाच. "बाईंना आधीच कसं ठाऊक, पान उलटायचं ते? माझ्या माणसाला फितवलंय यांनी."

साहेबांनी लिहिणं थांबवलं. चेअरमनही बघू लागले. काहीतरी थाप मारता आली असती. अंदाज होता म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"मीही तसंच लिहिते," इंदुमती म्हणाल्या. "दुधाचं तापमान. रविवारी बसून आठवड्याचं. थर्मामीटर फुटून दोन वर्षं झाली. नवा मागितला नाही, अंदाजानं जमतंय वाटलं. साहेब, अहवालात माझं नाव घाला, पण यांच्या माणसाचं घालू नका. त्यानं काही सांगितलं नाही."

चेअरमननी त्यांना बाजूला घेतलं. सोपान सुटला, आता हे इथंच राहू दे, गावात कळलं तर संस्थेचं नाव जाईल, असं ते हळू आवाजात बोलत राहिले. इंदुमतींना ते ऐकू येत होतं आणि नव्हतंही. गरम दूध लॅक्टोमीटरवर पातळ दिसतं. थेट धारेचं दूध आणलं आणि तापमानाची दुरुस्ती धरली नाही, तर चांगल्या दुधातही पाणी दिसतं. हे त्यांना पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. संस्थेपासून दूर राहणाऱ्या लोकांचं दूध वाटेत निवायचं. संस्थेच्या अगदी मागं राहणारी गजरा वाघमोडे धार काढून तशीच यायची, धारोष्ण दूध घेऊन.

सोपान पुढं आला, वाकून पाया पडायला लागला. त्यांनी त्याला धरून उभं केलं आणि घरी जायला सांगितलं. स्वतः तडक वाघमोड्यांच्या गोठ्याशी गेल्या.

गजरा म्हशीला वैरण टाकत होती. इंदुमतींनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. गेल्या दोन उन्हाळ्यांत तुझी किटली किती वेळा परत केली, मी मोजलेली नाही, म्हणाल्या. तुझ्या दुधात बहुतेक पाणी नव्हतं.

गजरानं हातातली पेंढी संपवली. मग हात पदराला पुसले.

"बहुतेक नाही, काकू. नव्हतंच," ती म्हणाली. "सासूनं बोलणं टाकलं होतं माझ्याशी, घराची अब्रू घालवली म्हणून. तशीच, न बोलता, वैशाखात गेली ती."

गजरानं रिकामी किटली उचलली आणि ती धार काढायला बसली.