कलमच नाही

"वजन किती रे तुझं?"

हवालदाराने हा पहिला प्रश्न विचारला. मी सांगितलं, ऐंशी असेल. तो बाजूच्या टेबलावरच्या दुसऱ्याकडे बघून हसला. "ऐंशी किलोचा गडी. आणि म्हणतोय, साहेबाने जबरदस्ती केली. साहेब तर याच्या खांद्याला लागत असेल."

दुसरा म्हणाला, "बाई आहेस का तू?"

बाकावर पाकिटमारीची तक्रार घेऊन आलेला माणूस बसला होता. तोही हसला. मी मान खाली घातली. सव्वीस वर्षांचा, लग्न झालेला, आनंदनगर एमआयडीसीतला फिटर. अंगठ्याएवढे बोल्ट रोज आवळणारे हात मांडीवर ठेवून बसलो होतो.

झालं ते भर दुपारी झालं. रविवार होता. आमच्या प्लांटच्या मेंटेनन्स साहेबाने फोन केला, घरचा पंप बिघडलाय, येऊन बघ. तो अंबरनाथ पश्चिमेला स्टेशनजवळच्या चांगल्या सोसायटीत राहतो. सोसायटीच्या गणपतीत भाषण करतो, झोपडपट्टीतल्या पोरांना वह्या वाटतो. मी कंत्राटी. मला परमनंट करायचं की काढायचं, ते त्याच्या सहीवर. माझा धाकटा भाऊ त्याच प्लांटमध्ये हेल्पर. साहेबाने बोलावलं की जायचं, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही.

पंपाला काही झालं नव्हतं. त्याची बायको माहेरी गेली होती. त्याने आतून कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि माझ्या मानेवर हात ठेवला. मी म्हटलं, "साहेब, काय करताय?" तो शांतपणे म्हणाला, "भाऊ आहे ना तुझा आपल्याकडे? मग गप राहायचं."

त्यानंतर मी दगड झालो. ओरडलो नाही. हात उचलला नाही. भिंतीवर त्याच्या मुलाचा शाळेतला फोटो होता, तोच बघत राहिलो. बाकीचं इथे सांगत नाही. एवढंच सांगतो, की माझ्या शरीराने मला दगा दिला. मला किळस येत होती आणि शरीर मात्र माझं ऐकत नव्हतं. जाताना तो म्हणाला, "बघ, तुला पण आवडलं." हे वाक्य त्या सगळ्यापेक्षा जास्त आत गेलं.

उल्हासनगरला कॅम्पातल्या घरी आलो. अंघोळ केली. सोमवारी ड्युटीवर गेलो. साहेब सगळ्यांसारखाच मलाही म्हणाला, "गुड मॉर्निंग."

कुणाला सांगणार? कॅन्टीनमध्ये असल्या गोष्टींचे व्हिडिओ फिरतात, पोरं खिदळतात. कुणी ढिला वागला की म्हणतात, "क्या रे, तेरी भी ली क्या किसीने?" मी त्या टेबलावर बसून भात खायचो. त्याचं वाक्य डोक्यात फिरायचं. आवडलं असेल का? मी तसाच आहे का? एवढा मोठा देह, मग मारलं का नाही? या प्रश्नांनीच माझं तोंड शिवलं. त्याला धमकी द्यायची गरजच पडली नाही.

बायकोने पाठीवर हात ठेवला तरी मी दचकून उठायचो. तिला वाटलं, माझं बाहेर काहीतरी आहे. जेवण जाईना. ताप, अंगावर चट्टे. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या आणि एचआयव्हीच्या तपासणीसाठी समुपदेशक बाईंकडे पाठवलं. मॅडमनी दार लावून घेतलं आणि मी एकदम उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काही न बोलता दार अर्धं उघडं केलं, पडदा ओढला. मग हळू आवाजात विचारलं, "कुणी जबरदस्ती केली होती का तुमच्यावर?"

असं कुणी विचारू शकतं, हेच मला माहीत नव्हतं. मी "हो" म्हणालो आणि रडलो.

त्या म्हणाल्या, "तुम्ही गोठून गेलात, ती भीती होती. खूप जणांचं तसं होतं, ताकदीचा संबंध नसतो. आणि शरीराने काही केलं असेल, तर ते आपोआप होतं. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येतं, म्हणजे आपण रडत असतो का? त्याला होकार म्हणत नाहीत." दुसरं जे सांगितलं ते कडू होतं. पहिल्या बहात्तर तासांत आलो असतो तर एचआयव्ही होऊ नये म्हणून औषध देता आलं असतं, पुरावेही घेता आले असते. आता फक्त तपासणी, आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी. मला कुणी सांगितलंच नव्हतं. दोन्ही रिपोर्ट नीट आले, पण मधले दिवस मी जिवंत नव्हतो.

त्यांनी मानसोपचार विभागाची चिठ्ठी दिली. कुणाला सांगायचं, कधी सांगायचं, तक्रार करायची की नाही, हे तुम्ही ठरवायचं, म्हणाल्या. त्या दुपारनंतर पहिल्यांदा काहीतरी माझ्या हातात होतं.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग तू मारलं का नाही त्याला?"

ती बेलवलीला माहेरी गेली. तिला दोष देत नाही. तिलाही कुणी काही शिकवलेलं नाही. रोज फोन करते. "जेवलास का?" विचारते. पुढे बोलत नाही, फोन ठेवतही नाही.

मग साहेबाचा फोन आला. "रविवारी ये. पंप बघायचाय."

मी शॉपफ्लोअरवर होतो. मशीन बंद केलं. मोठ्याने बोललो, आजूबाजूला ऐकू जाईल असं. "नाही येणार. तू माझ्यावर जबरदस्ती केलीस. मी तक्रार करणार."

सगळे बघत राहिले. संध्याकाळी ठेकेदाराने माझा गेटपास काढून घेतला. भाऊ घरी येऊन म्हणाला, "दादा, माझ्यासाठी तरी गप बस ना." मी चपला घालून बाहेर पडलो.

आणि मग ती चौकी, ते हसू. शेवटी अधिकारी आले. ते हसले नाहीत. म्हणाले, "हे बघ, बाई असती तर बलात्काराचं कलम लागलं असतं. अठराच्या आतला मुलगा असता तरी वेगळा कायदा आहे. तुझ्यासारख्या मोठ्या पुरुषासाठी नव्या कायद्यात कलमच नाही. जुनं तीनशे सत्त्याहत्तर होतं, ते गेलं."

कंपनीतली लैंगिक छळाच्या तक्रारींची समिती? तीही बायकांसाठीच. म्हणजे माझ्यासोबत जे झालं, त्याला या देशाच्या कायद्यात नावच नाही.

मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या वकीलबाईंनी अर्ज लिहिला. त्यात कलमं लावली ती कोंडून ठेवणं, बळाचा वापर, धमकी एवढीच. चौकीने घेतला नाही, म्हणून पोलीस उपायुक्तांच्या ऑफिसात दिला. "तिथे नाही झालं तर कोर्टात जाऊ," म्हणाल्या. "पण आशा कमी ठेव." साहेब अजून त्याच केबिनमध्ये बसतो. त्याने कंपनीत सांगितलंय, मी पैसे उकळायला हे करतोय.

मानसोपचारात दर आठवड्याला जातो. झोप थोडी लागते. डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल. तिथे बाहेरच्या बाकावर एक म्हातारे सिंधी काका भेटतात, कापडाचं दुकान होतं त्यांचं. एकदा मी का येतो ते त्यांना सांगून टाकलं. ते म्हणाले, "बेटा, मेरे साथ चाचा ने किया था. मैं छोटा था. आज तक बीवी को नहीं बताया. अब तो वो भी नहीं रही." त्यांचा नंबर आला. उठताना माझा खांदा धरून उठले.

मी त्या वयाचा होईपर्यंत थांबणार नाही. केस बहुतेक पडेल. नोकरी गेली, ती परत येणार नाही. बायको येईल की नाही, माहीत नाही. तरी जिथे कुणी विचारेल तिथे सांगणार. कोर्टात, नाक्यावर, कंपनीच्या गेटसमोर. गुन्हा त्याने केला. तोंड मी लपवणार नाही.