तक्रारीसाठी संपर्क

ऑफिसात सगळे तिला चाळणीबाई म्हणत. तोंडावरही म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. ऑनलाइन दुकानांना ग्राहकांचे पैसे घेण्याची सोय करून देणारी ती कंपनी होती. सोय सुरू करण्याआधी दुकानाची वेबसाइट तपासायची, हे चाळणीबाईचं काम. संपर्काच्या पानावरचा पत्ता नोंदणीच्या कागदाशी जुळतो का, माल परत घेण्याचे नियम सगळ्या पानांवर सारखेच आहेत का, तक्रार ऐकणारा माणूस खरंच कुणी आहे का. तिच्या हातून गेलेल्या दुकानाची फसवणुकीची बातमी कधी आली नव्हती. साहेब म्हणत, या बाईंनी स्वर्गाचा पत्ताही पिनकोड बघूनच मान्य केला असता.

नवरा गेल्यावर ती या नोकरीला लागली. त्याआधी नवरा आणि धाकटा दीर मिळून चादरी-पडद्यांचं दुकान चालवत होते आणि हिशेब ती बघे. तेराव्याचे पाहुणे पांगले तसा दीर म्हणाला, वहिनी, दुकानाच्या कागदावर दादाचं नाव नाही, तुम्ही आता कशाला दगदग करता. नाव नव्हतं हे खरंच होतं. भावाभावांत कसले कागद, असं नवराच म्हणायचा. ती गप्प बसली. पण गप्प बसणं आणि विसरणं यांत फरक असतो.

नवऱ्याचा मोबाइल नंबर तिने बंद केला नव्हता. जुना फोन पर्समध्ये असायचा. गेलं वर्षभर त्यावर अनोळखी माणसं फोन करायची आणि नवऱ्याचं नाव घेऊन तोंडाला येईल ते बोलायची. चादर पहिल्याच धुण्यात विटली, परत घेत नाही म्हणजे काय, तू माणूस आहेस का चोर. ती म्हणायची, अहो, ते वारले. एक माणूस म्हणाला, बरं झालं. त्या रात्री ती जेवली नाही. हा नंबर कुठून मिळाला, ते मात्र कुणी धड सांगत नसे. फोनच रागात आपटायचे.

मग एका सोमवारी दिराच्या दुकानाचा अर्ज तिच्या टेबलावर आला. सुट्ट्यांचा हंगाम तोंडावर होता आणि त्याला आता थेट वेबसाइटवरून पैसे घ्यायचे होते. तिने पान उघडलं आणि खाली सरकत गेली. तक्रार निवारण अधिकारी म्हणून तिच्या नवऱ्याचं नाव होतं, आडनावासकट. खाली त्याचा नंबर.

नंबर पाठ होता, तरी कामाची रीत होती की दिलेला प्रत्येक नंबर लावून बघायचा. तिने ऑफिसच्या फोनवरून लावला. पर्समध्ये रिंग वाजू लागली.

"बाई, तुमचा फोन वाजतोय," शेजारच्या टेबलावरची म्हणाली.

"वाजू दे. तपासतेय."

शिव्या कुणाच्या वाट्याच्या होत्या, ते आता कळलं. जिवंतपणी भागीदारी दिली नाही, मेल्यावर मात्र अधिकारी करून ठेवलं. मेलेल्या माणसाला शिव्या खायला दारात उभं केलं. तिला रडू आलं नाही. तिला काम सुचलं.

ती आधी साहेबांकडे गेली. नात्यातलं प्रकरण लपवणारा उद्या घरी बसतो, हे ती नव्या मुलींना स्वतः शिकवायची. साहेबांनी ऐकून घेतलं, कपाळ चोळलं. माणसं कमी होती. शेवटी म्हणाले, तपासा तुम्हीच, पण शेरा मी वाचणार आणि सही मी करणार. एक ओळही नियमाबाहेर नको.

"नियमाबाहेर मला काही नकोच आहे," ती म्हणाली.

मग चाळण सुरू झाली. संपर्काच्या पानावर बाजारपेठेतला पत्ता होता. ती जागा दोन वर्षांपूर्वीच सोडली होती, आता तिथे चष्म्याचं दुकान होतं. नोंदणीच्या कागदावर दिराच्या घरचा पत्ता. परतीच्या नियमात लिहिलं होतं की माल 'आमच्या गोदामात' पाठवावा. गोदाम कुठे, याचा पत्ता नाही. एका पानावर सात दिवसांत परत, मालाच्या पानावर विकलेला माल परत नाही. आणि नियम कुणाच्या तरी वेबसाइटवरून जसेच्या तसे उचललेले, त्यामुळे चादरींच्या दुकानात लिहिलेलं होतं की बूट एकदाही पायात घातलेले नसावेत. साहेब ते वाचून हसले. ती हसली नाही. ईमेल पाठवला तर पोहोचलाच नाही म्हणून परत आला.

शेरा गेला तो 'तपासणी कक्ष' या नावाने. चार दिवसांनी दुरुस्ती आली. पत्ता तोच, अधिकारी म्हणून कुणा नोकराचं नाव आणि बंद नंबर. तिने परत पाठवलं. पुन्हा दुरुस्ती आली. या वेळी पत्ता बरोबर, पण परतीचे सात दिवस एका पानावर दहा झालेले. तेही परत. दिराने साहेबांना फोन करून आरडाओरडा केला की हंगाम निघून चाललाय. साहेब म्हणाले, सगळ्या पानांवर एकच खरी गोष्ट लिहा, आजच्या आज सही करतो.

शेवटी त्याने नांगी टाकली. नोंदणीचा पत्ता, म्हणजे स्वतःचं घर, सगळीकडे घातला. माल परत पाठवण्याचा पत्ताही तोच. तक्रार निवारण अधिकारी म्हणून स्वतःचं नाव, स्वतःचा मोबाइल. दोन दिवसांत तक्रारीची पोच, महिन्याच्या आत निकाल, हेही आलं. तिने एकेक ओळ बोटाने वाचली. मग नंबर लावला.

"तपासणी कक्षातून बोलतेय. तक्रार निवारण अधिकारी आपणच ना?"

पलीकडे दिराने आवाज ओळखला. मग हळूच, "वहिनी?"

"आपणच ना?"

"हो, पण वहिनी, तुम्ही..."

"आणि हा नंबर ग्राहकांसाठी कायम चालू राहील?"

"हो."

"धन्यवाद." तिने शेऱ्यात लिहिलं, तपशील जुळतात, अडचण नाही. साहेबांनी सही केली. शेजारची म्हणाली, एवढं छळून शेवटी पासच केलंत की. चाळणीबाई म्हणाली, नापास केलं असतं तर सुटला असता.

त्या संध्याकाळी तिने नवऱ्याचा फोन घेतला आणि वर्षभरात आलेले सगळे नंबर एकेक करून लावले. प्रत्येकाला नम्रपणे सांगितलं, तुम्ही ज्यांना बोललात ते त्यातले नव्हते. खरा माणूस हा, त्याचा नंबर हा, माल नेऊन द्यायचा पत्ता हा, त्यांच्याच वेबसाइटवर आहे, बघून घ्या. बरं झालं म्हणणाऱ्यालाही लावला. तो ओशाळला, पण पत्ता मात्र दोनदा विचारून घेतला.

हंगाम जोरात गेला. चादरी जशा विकल्या तशा विटल्या, आणि पार्सलं दिराच्या दारात येऊन पडू लागली. काही माणसं स्वतःच पिशवी घेऊन यायची, आणि जाऊबाईला दार उघडायची सोय राहिली नव्हती. एका रविवारी सकाळीच दिराचा फोन आला.

"वहिनी, लोक पार घरात घुसताहेत. तुम्ही काही करा ना."

"काय करू, भाऊजी?"

"निदान पत्ता तरी काढायला सांगा तुमच्या साहेबांना."

"बदलायचा असेल तर अर्ज करा," ती म्हणाली. "नवा पत्ता खरा असला पाहिजे. मी स्वतः तपासीन."