शिशी मीच देली होती

डॉक्टरीणबाईनं नवऱ्याच्या रक्ताच्या रिपोर्टवर बोट ठेवलं. टेस्टोस्टेरॉनचा, म्हंजे पुरुषी हार्मोनचा, आकडा मस्त वर आला होता, कोराडीवरून येताना बसमध्येच तो वाचून मी खुश झाली होती. पण बाई काही हसे ना.

"एलएच, एफएसएच जवळजवळ शून्य आहेत. शरीर स्वतः बनवत असतं, तर मेंदूकडून येणारा हा हुकूम दिसला असता. हे बाहेरून आलंय. इंजेक्शन घेतलं?"

नवरा बुटाकडे पाहून राहिला. मांडीवरची पोरगी रडाले लागली.

"मीच देली, बाई," मी म्हटलं.

त्यानं जिममध्ये बॉडीसाठी दोन वर्षं टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतली, मंग बंद केली. बंद केल्यावर शरीर स्वतःचं काही बनवे ना, नुसता पडून राहे, पोरीलेबी उचले ना. एक शिशी राहिली होती, फेक म्हणे. मी फेकली नाई, तांदळाच्या डब्यात लपवली. काहून, मलेच माहीत नाई. बाईनं सांगितलेल्या तपासणीच्या आठवडाभर आधी त्यानं हात जोडले, "एकच दे वं. रिपोर्ट खराब आला तं मी जगत नाई." मी डबा उघडला.

बाई चिडल्या नाई. "सांगितलंत ते बरं झालं. नाहीतर हे बरे झाले असं समजून मी सोडून दिलं असतं. आता हे औषध उतरायलाच काही आठवडे जातील, मग खरी सुरुवात. कोणाला सहा महिने, कोणाला वर्ष, कोणाला त्याहून जास्त. काहींचं पुरतं परतही येत नाही."

मंग त्याले सरळ विचारलं, "मरावंसं वाटतं का?" तो रडला. त्या दिवशीच मनाच्या डॉक्टरकडे धाडलं.

मंग चालू झालं. दर वेळी सकाळी, उपाशीपोटी रक्त. तिन्ही हार्मोन, लिव्हर, चरबी, रक्त घट्ट तं झालं नाई, हे सारं पाहत. पुढं वीर्याचीबी तपासणी.

तीन महिन्यांनी टेस्टोस्टेरॉन खाली पडलेलं. नवरा म्हणे, "पाय वं, पुन्हा लागली वाट! आता मले तांदळाच्याच डब्यात बसव."

बाई पहिल्यांदा हसल्या. "एलएच बघा, वर यायला लागलंय. आकडा कमी आहे, पण हा तुमचा स्वतःचा आहे."

घरी येऊन मी तांदळाचा डबा पार तळापर्यंत उलटा केला. काही नोहतं. तरीबी पाह्यला.

वर्ष झालं आता. मांगच्या रिपोर्टात टेस्टोस्टेरॉन ठीक आलं. वीर्याची तपासणी अजून अर्धीच बरी, त्याले वेळ लागते म्हणतात. पण काल त्यानं पोरीले खांद्यावर बसवून कॉलनीचा चक्कर मारला, अन् मी दारात उभी राहून किती दिवसांनी पुरता श्वास घेतला.

पण ते जोडलेले हात अजून दिसतात मले. तुमच्यासमोर जोडले असते, अन् डबा तुमच्याच घरात असता, तं तुम्ही काय केलं असतं?