डिटेक्टरचा लाल आकडा

गुजरातेत, गोत्रीतल्या एका ब्लॉगच्या ऑफिसात मी पाण्याच्या मोटारींच्या दुरुस्तीवर लेख लिहिते. मालक प्रत्येक लेख एआयचं लिखाण ओळखणाऱ्या डिटेक्टरमध्ये टाकायचे आणि 'मशीनने लिहिलंय' असा लाल आकडा आला की हबकायचे. "बेन, आपण सर्चमध्ये खाली जाऊ!"

मी वैतागून सांगितलं, "तो आकडा म्हणजे तिसऱ्याच कंपनीचा अंदाज. सर्च तो बघतसुद्धा नाही. वाचकाची मोटार चालू झाली पाहिजे."

कोण ऐकतंय! आकडा हिरवा होईपर्यंत मी माझीच सरळ वाक्यं वाकडी करत बसले. वाचकांना काही कळेना, ते अर्ध्यातून परत जायला लागले आणि लेख एकेक करून घसरले. सर्चच्या पहिल्या पानावर एकच टिकला, बदलायचा राहून गेलेला.

आज मालकांनी तोच पाठवलाय. "बेन, हा अजून लाल आहे."