नाव गेलं, पाणी राहिलं

मोहाडीच्या तहसील कार्यालयात मी आपत्ती कक्ष सांभाळत होते. धान कापून शेतातल्या बांधीत पडलं होतं आणि बंगालच्या उपसागरातलं तीव्र चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्यावरून आत शिरलं होतं. शेती करणाऱ्या माझ्या मोठ्या भावाचा फोन आला.

"बाई, आता बातमीत त्याचं नाव नाही घेऊन राहिले. वादळ गेलं न?"

"तेच आहे दादा. समुद्रावर वारा ताशी बासष्ट किलोमीटरच्या वर गेला, तवा नाव भेटलं. आता पन्नासच्याबी खाली आला, म्हणून नुसतं डिप्रेशन म्हणतात, म्हणजे कमजोर पडलेलं वादळ."

"पोरगा त म्हणते, हे हरिकेन झालंच नव्हतं." त्याचा पोरगा अमेरिकेत नोकरीला.

"तिकडे वारा एकशे अठराच्या वर गेला तरच हरिकेन म्हणतात. तेवढाच वारा चीन-जपानकडे असला त टायफून." बोलता बोलता माझंच डोकं गरगरायला लागलं. "जागा बदलली का नाव बदलते. चीज एकच."

"म्हणजे तीन वादळं होत."

माझा पारा चढला. "दादा, ह्या पायऱ्या वाऱ्याच्या आहेत, पाण्याच्या नाहीत. हवामान खात्याच्या कागदावर खाली मुसळधार पाऊस लिहिला आहे. धान उचल."

"वाराच कमी झाला त पाणी कायले येईल?" म्हणत त्याने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी झाडाचं पान हलत नव्हतं, नुसता पाऊस कोसळत होता. दुपारी दादाचा फोन आला. बांधीत धान तरंगत होतं.

"हे कोणतं होय?"

"तेच."



"मंग त्याचं नाव काहून काढलं?"