अखंड कमोड आणि फाटकावरची चिठ्ठी

जयसिंगराव आणि मी कासारवाडीच्या प्रौढ साक्षरता वर्गात एकाच बाकावर बसत होतो; तिथेच आमची ओळख झाली. ते मूळचे बीडकडचे, राहणार कुरुळीला. जुनी न्हाणीघरे फोडणे हा त्यांचा व्यवसाय. पुढील हकिगत त्यांच्याच तोंडची आहे.

पिंपळे सौदागरला मोनिकाताईंच्या घरचे काम निघाले. जुना कमोड अगदी सुस्थितीत होता. जयसिंगरावांच्या पत्नी सुभद्राबाईंचे गुडघे गेलेले. त्यांना खाली बसणे अशक्य झाले होते. कमोडचे सांडपाण्याचे तोंड खाली जमिनीत जाणारे, म्हणजे कुरुळीच्या खोलीत तो नीट बसला असता. त्यांनी मागितला. ताई म्हणाल्या, "न्या की, काका."

तेवढ्या शब्दावर ते निर्धास्त झाले. त्यांनी पाणी बंद केले, टाकी रिकामी केली, बुडाचे पांढरे सिमेंट पात्याने कापले, बोल्ट सोडले आणि भांडे हलवत हलवत उचलले. तडा गेला नाही. वास येऊ नये म्हणून उघड्या भोकात चिंधी कोंबली. फुटक्या टाइल्सची पोती खाली लिफ्टजवळ टेम्पोत चढवायला ठेवलेली होती. कमोड गोणपाटात गुंडाळून ते सोसायटीच्या फाटकाशी आले.

रखवालदार विलासने अडवले. "घरमालकांची चिठ्ठी?"

"ताईंनी तोंडी सांगितलंय, भाऊ."

"अखंड वस्तूला चिठ्ठी लागते. फुटलेल्याला नाही."

ताई बाहेर गेलेल्या, त्यांचा फोन लागेना. सोसायटीचा मॅनेजर अजिंक्य आला आणि गोणपाट बघून हसला. "काका, हातोडा तुमच्याकडंच आहे. दोन ठोके मारा, राडारोड्यात घाला, काम खलास. टेम्पो थांबलाय."

जयसिंगरावांच्या मस्तकात तिडीक गेली. आयुष्यभर त्यांनी लोकांची न्हाणीघरे फोडली होती. हे एक भांडे त्यांनी जिवापाड जपून काढले होते, आणि ते फोडले की नियमात बसत होते.

"साहेब, तुमच्या आईचे गुडघे गेले असते तर?"

"आईचं नाव काढू नका."

"मग माझ्या बायकोचंही भांडं फोडायला सांगू नका. हे इथं राहील, तर टाइल्सची पोतीही इथंच राहतील."

त्यांनी एक पोते उचलून लिफ्टच्या दारात टाकले. बाकीची बावीस त्यामागे रचली. रहिवासी ओरडू लागले. टेम्पोवाला शिव्या देत निघून गेला. अजिंक्यने विलासला हातोडा उचलायला सांगितला.

विलास म्हणाला, "साहेब, तुम्हीच उचला."

अजिंक्यने हात लावला नाही.

संध्याकाळी मोनिकाताई आल्या आणि पोती बघून जयसिंगरावांवरच भडकल्या. "माझ्या नावानं एवढा तमाशा?" चिठ्ठी मात्र त्यांनी उभ्याउभ्याच लिहिली. जयसिंगरावांना ती वाचता आली नाही. विलासने वाचून सोडले. पोती दुसऱ्या दिवशी दुसऱ्या टेम्पोने महापालिकेच्या राडारोडा केंद्रावर गेली.

कमोड कुरुळीला बसला, पण राग निवळला नाही. पुढचे काम मिळाले तेव्हा घरमालकांनी चहा पुढे केला. जयसिंगरावांनी तो घेतला नाही.

"जुनं भांडं मला देणार असाल, तर चिठ्ठी आजच लिहून द्या."